उताऱ्यातले शब्द, परिच्छेदातला पुरावा

साहित्यकृतीच्या विश्लेषणात अवतरणाचे काम पुराव्याचे असते. एखादे पात्र भित्रे आहे, एखाद्या कवितेचा सूर तक्रारीचा आहे, कादंबरीचा निवेदक भरवशाचा नाही, असे विधान करणाऱ्याने ते मूळ संहितेतल्या शब्दांवर उभे करून दाखवायचे असते. कारण ते तपासून पाहायला वाचकाजवळ दुसरी जागाच नसते. पण शब्द संहितेतून उचलले आणि अवतरणचिन्हांत ठेवले, एवढ्याने ते पुरावा होत नाहीत. ते कोणाचे, कोणत्या प्रसंगातले, हे आधी सांगावे लागते. मग ते आपल्या वाक्यात व्याकरणासह बसवावे लागतात. आणि शेवटी त्या शब्दांतून आपले विधान कसे निघते, हे उलगडून दाखवावे लागते. यातले तिसरे काम सर्वांत जास्त राहून जाते. दहावीच्या रसग्रहणाच्या उत्तरात ओळी पाठ असतात, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये ही अंगेही ठाऊक असतात. तरीही ओळ एका बाजूला आणि तिच्याबद्दलचे मत दुसऱ्या बाजूला, असे पुष्कळदा होते.

ही तिन्ही कामे एकाच उताऱ्यावर केली, तर त्यांतला फरक नीट दिसतो. पुढचा उतारा केवळ या लेखासाठी रचलेला आहे. तो कोणत्याही प्रकाशित कथेतला नाही. आधीच्या पानांवरून वाचकाला दोन गोष्टी कळल्या आहेत, असे धरायचे: कुटुंब गाव कायमचे सोडून चालले आहे, आणि एस.टी. स्टँड घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे.

“भाऊंनी कुलूप लावलं. ओढून पाहिलं. पायऱ्या उतरले, आणि परत चढून पुन्हा ओढून पाहिलं. घरात आता एक मोडकी घडवंची आणि भिंतीवर कॅलेंडरचा खिळा, एवढंच उरलं होतं. ‘चला, उशीर होतोय,’ ते म्हणाले. गाडीला अजून दोन तास होते. मी पिशवी उचलली.”

या उताऱ्यावर सहज लिहिला जाणारा परिच्छेद साधारण असा असतो:

भाऊंना घर सोडताना खूप दुःख होते. “भाऊंनी कुलूप लावलं. ओढून पाहिलं. पायऱ्या उतरले, आणि परत चढून पुन्हा ओढून पाहिलं.” यावरून भाऊंचे घरावर किती प्रेम होते हे दिसून येते. लेखकाने हा प्रसंग अतिशय हृदयस्पर्शी शब्दांत रंगवला आहे.

यातले एकही वाक्य धडधडीत चुकीचे नाही, आणि म्हणूनच हा परिच्छेद फसवा आहे. पहिले विधान असे आहे की ते नाकारायला कोणी उठणार नाही. कायमचे घर सोडणाऱ्या माणसाला दुःख होणारच, आणि त्यासाठी उतारा वाचण्याचीही गरज नाही. अवतरण दोन वाक्यांच्या मधोमध एकटे उभे आहे. त्याच्या आधीच्या वाक्याने त्याची ओळख करून दिलेली नाही आणि नंतरच्या वाक्याने त्यातला एकही शब्द हाती घेतलेला नाही. ‘यावरून दिसून येते’ या शब्दांनी एक मोठी उडी झाकली आहे: कुलूप दोनदा ओढून पाहणारा माणूस घरावर प्रेम करतो, की चोरांना भितो, की फक्त विसरभोळा आहे? शेवटचे वाक्य तर संहितेच्या विरुद्ध जाते. उताऱ्यात हृदयाला हात घालणारा एकही शब्द नाही. कुलूप, पायऱ्या, घडवंची, खिळा, पिशवी. सगळे शब्द वस्तूंचे आहेत.

म्हणून अवतरणाचा विचार खरे तर अवतरणाच्या आधी, विधानापासूनच सुरू होतो. ज्या विधानाला पुरावा लागतच नाही, त्याच्याखाली कितीही ओळी उद्धृत केल्या तरी त्या शोभेच्या राहतात. वरच्या उताऱ्याबद्दल तपासण्याजोगे विधान असे करता येईल: भाऊ दुःख बोलून दाखवत नाहीत, ते काळजी आणि घाई यांच्या आड ठेवतात, आणि निवेदकही ते उघड करत नाही. आता या विधानाशी कोणी असहमत होऊ शकतो. कोणी म्हणेल की भाऊ मुळातच घाईखोर आहेत; कोणी म्हणेल की त्यांना खरोखर चोरीची धास्ती आहे. असा मतभेद शक्य झाला की संहितेतल्या शब्दांना काम मिळते.

विधान ठरले की किती शब्द उद्धृत करायचे हेही जवळजवळ आपोआप ठरते. ज्या शब्दांबद्दल पुढे काही बोलायचे आहे तेवढेच घ्यायचे. ‘भाऊंनी कुलूप लावलं’ हे वाक्य तसेच्या तसे उद्धृत करून काहीच साधत नाही, कारण त्याच्या शब्दयोजनेविषयी सांगण्यासारखे काही नाही. ती माहिती स्वतःच्या शब्दांत देता येते. पण ‘परत चढून पुन्हा’ हे तीन शब्द हवेतच. त्यांतला ‘परत’ आणि ‘पुन्हा’ यांचा जोर स्वतःच्या शब्दांत सांगायला गेले की निसटतो. लांबलचक अवतरण देणाऱ्याच्या मनात बहुधा अशी आशा असते की एवढ्या ओळींत पुरावा कुठेतरी असेलच आणि वाचक तो शोधून घेईल. शोधण्याचे ते काम लिहिणाऱ्याचे आहे.

अवतरणाची प्रस्तावना म्हणजे कथानक पुन्हा सांगणे नव्हे. पुढचे शब्द समजण्यासाठी जे माहीत असलेच पाहिजे तेवढेच तिच्यात यावे: कोण बोलते, कोणाशी, कोणत्या क्षणी. वरच्या उताऱ्यात ‘गाडीला अजून दोन तास होते’ हे वाक्य पुरावा म्हणून वापरायचे, तर स्टँड दहा मिनिटांवर आहे हे आधी सांगणे भाग आहे. ते न सांगता वाक्य उद्धृत केले, तर वाचक रास्तपणे विचारील की स्टँड दोन तासांच्या चालीवर असला तर? तेव्हा भाऊंची घाई अगदी बरोबर ठरेल आणि सगळा अर्थ कोसळेल. प्रस्तावनेत काय घ्यायचे याची कसोटी हीच: जे वगळल्यावर पुरावा लंगडा पडतो ते घ्यायचे, बाकीचे सोडायचे. कुटुंब गाव का सोडते, भाऊंचे वय काय, घर किती खणांचे, हे सगळे कथेत असेलही; या परिच्छेदाला त्याचा उपयोग नाही.

‘कोण बोलते’ हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. मराठी लेखनात ‘लेखक म्हणतो’ हे शब्द फार सहज उमटतात. पण “चला, उशीर होतोय” हे भाऊंचे बोलणे आहे. ‘गाडीला अजून दोन तास होते’ हे निवेदकाचे सांगणे आहे. आणि लेखक या दोघांपलीकडे आहे, त्याने या दोन वाक्यांना शेजारी ठेवले आहे. तिघांना एकच मानले की उताऱ्यातली गंमतच हरवते, कारण ती नेमकी भाऊंचे बोलणे आणि निवेदकाची नोंद यांच्यातल्या अंतरात आहे. कवितेतही हेच. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी, असे धरून चालता येत नाही. म्हणून ‘कवितेतला निवेदक’ किंवा ‘कवितेतला मी’ असे म्हणणे सुरक्षित असते.

याच ठिकाणी आणखी एक चूक डोकावते. या उताऱ्यावर लिहिताना अनेकजण ‘मुलगा सांगतो’ असे लिहून मोकळे होतील. उताऱ्यात तसे कुठेही म्हटलेले नाही. ‘मी पिशवी उचलली’ या वाक्याचा प्रयोग कर्मणी आहे. क्रियापद पिशवीच्या लिंगाप्रमाणे चालते, बोलणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे पिशवी उचलणारी व्यक्ती मुलगा आहे की मुलगी, हे व्याकरण सांगत नाही. ‘भाऊ’ म्हणजे वडील, काका की थोरला भाऊ, हेही या ओळींतून ठरत नाही. आधीच्या पानांवर उत्तर असेल तर तिथून घ्यावे. नसेल तर ‘निवेदक’ हा शब्द पुरतो. प्रस्तावनेत घुसलेली अशी एक अनाधार माहिती वाचकाच्या लक्षात आली, तर पुढच्या बरोबर अर्थावरचाही त्याचा विश्वास उडतो.

प्रस्तावनेतले क्रियापदही विचारपूर्वक निवडावे लागते. ‘म्हणतो’ आणि ‘सांगतो’ ही तटस्थ क्रियापदे आहेत. ‘नोंदवतो’ म्हटले की निवेदकाचा कोरडा सूर आधीच सूचित होतो. ‘कबूल करतो’ म्हटले की त्याने काही लपवले होते असे ध्वनित होते. ‘ओरडतो’, ‘कळवळतो’ ही क्रियापदे तर अर्थच ठरवून टाकतात. “‘चला, उशीर होतोय,’ असे भाऊ कळवळून म्हणतात” हे वाक्य पुराव्यात भेसळ करते. कळवळा संहितेत नाही, तो प्रस्तावनेने आणला आहे. आणि जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले गेले आहे.

यानंतर अवतरण वाक्यात बसवण्याचे काम येते. इथे मराठीची स्वतःची रचना आहे आणि ती ध्यानात ठेवूनच हे काम करावे लागते. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, म्हणून “चला, उशीर होतोय,” असे भाऊ म्हणतात, ही मांडणी कानाला सर्वांत सरळ वाटते. अवतरण छोटे असेपर्यंत ती चांगलीच आहे. पण चार-पाच ओळींचे अवतरण आधी आणि ‘असे अमुक म्हणतो’ शेवटी आले, की वाचकाला बोलणारा कोण हे सगळे वाचून झाल्यावर कळते. लांब अवतरणासाठी म्हणून बोलणाऱ्याचे नाव आणि प्रसंग आधी घेऊन मग ‘की’ किंवा अपूर्णविराम वापरणे सोयीचे. ‘की’ची एक मोठी सोय अशी की त्यानंतर बोलणाऱ्याचे शब्द मूळ पुरुषातच ठेवता येतात: भाऊ म्हणतात की, “चला, उशीर होतोय.” अवतरणचिन्हे मराठीत छापील ग्रंथांबरोबर रुळली, त्याआधीपासून कोणाचे बोलणे कुठे संपले हे सांगण्याचे काम ‘असे’, ‘म्हणून’ आणि ‘की’ हे शब्दच करत आले आहेत, आणि चिन्हांच्या जोडीने ते आजही करतात.

अवघड जागा येते ती सुटा शब्द किंवा शब्दगट स्वतःच्या वाक्यात ओवताना. मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. उताऱ्यात शब्द आहे ‘खिळा’. ‘खिळ्या’तून रिकामेपण जाणवते, असे लिहिले की अवतरणचिन्हांत जे रूप आले ते उताऱ्यात कुठेच नाही. ‘खिळा’तून असे लिहिले तर अवतरण खरे राहते, पण मराठी बिघडते. यावर साधा आणि जुना उपाय आहे: ‘खिळा’ या शब्दातून, ‘मोडकी घडवंची’ या तपशिलातून, ‘ओढून पाहिलं’ या कृतीतून. मधे एक सामान्य नाम घातले की प्रत्यय त्याला लागतो आणि उद्धृत शब्दाला धक्का बसत नाही. शिवाय ते मधले नाम निवडताना आपण त्या शब्दाला काय समजतो, तपशील, प्रतिमा, कृती की सूर, हेही ठरवावे लागते. ‘पुन्हा’सारख्या अव्ययाला हा त्रास नाही, ‘पुन्हा’मुळे, असे सरळ लिहिता येते.

पुरुष आणि काळ यांचाही मेळ घालावा लागतो. ‘निवेदक मी पिशवी उचलली असे करतो’ हे वाक्य मराठी राहत नाही. एकतर संपूर्ण वाक्य अवतरणात द्यावे, ‘मी पिशवी उचलली,’ एवढेच निवेदक सांगतो. नाहीतर कृती स्वतःच्या शब्दांत सांगून फक्त आवश्यक शब्द उद्धृत करावा. विश्लेषण वर्तमानकाळात लिहिण्याची पद्धत आहे, कारण कथेतला प्रसंग प्रत्येक वाचनात नव्याने घडतो. उतारा मात्र भूतकाळात असतो. त्यामुळे ‘भाऊ कुलूप परत चढून पुन्हा ओढून पाहिलं’ अशी खिचडी होण्याची भीती असते. ‘परत चढून पुन्हा’ एवढेच उचलले आणि क्रियापद आपले ठेवले, की वाक्य सरळ होते: भाऊ ‘परत चढून पुन्हा’ कुलूप ओढून पाहतात.

अवतरणातल्या अक्षराला हात लावायचा नाही, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. तो मोडला जातो तो चांगल्या हेतूने. उताऱ्यात ‘पाहिलं’, ‘एवढंच’ अशी बोलीजवळची रूपे आहेत, आणि विश्लेषण ‘पाहिले’, ‘एवढेच’ अशा ग्रांथिक भाषेत चालले आहे. लिहिता लिहिता हात ती रूपे ‘सुधारून’ टाकतो. जुन्या पुस्तकांत हे जास्त घडते. 1962 आणि 1972 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार दिसतात. जी आवृत्ती वापरली तिच्यातले लेखन तसेच ठेवावे. शब्द गाळला तर तिथे तीन टिंबे द्यावीत, आणि अर्थ कळण्यासाठी एखादा शब्द आपल्या पदरचा घातला तर तो चौकटी कंसात ठेवावा. लांब अवतरण वेगळ्या परिच्छेदात, समासापासून आत सरकवून आणि अवतरणचिन्हांशिवाय देण्याचीही रीत आहे. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पद्धतीत गद्याच्या चारांहून अधिक आणि कवितेच्या तीनांहून अधिक ओळींसाठी ती वापरतात. त्याहून कमी ओळी सलग लिहिताना कवितेची ओळ कुठे संपते हे तिरक्या रेघेने दाखवले जाते.

तीन टिंबांच्या बाबतीत मात्र जरा थांबायला हवे. गाळणे हा हक्क आहे, पण त्याने खोटा पुरावा तयार होऊ शकतो. वरचा उतारा असा उद्धृत करून पाहावा: “भाऊंनी कुलूप लावलं. ओढून पाहिलं. पायऱ्या उतरले ... ‘चला, उशीर होतोय,’ ते म्हणाले.” प्रत्येक शब्द मूळचा आहे, टिंबेही नियमाने दिली आहेत, आणि तरीही हे भाऊ वेगळेच आहेत: नीटनेटके, चटपटीत, मागे वळून न पाहणारे. गाळलेला भाग समोर ठेवल्यावर विधान टिकत नसेल, तर ते गाळणे संहितेशी अप्रामाणिक आहे. उलट्या बाजूने, ज्या ओळी आपल्या विधानाला अडचणीच्या वाटतात त्यांनाच परिच्छेदात घेऊन त्यांचे उत्तर दिले, तर विधान अधिक पक्के होते.

आता उलगडण्याचे काम. परिच्छेदातली सर्वाधिक जागा त्याने घ्यायला हवी. अवतरणाच्या एका ओळीमागे स्वतःच्या दोन-तीन ओळी आल्या, तर त्यात वावगे काही नाही. उलगडणे म्हणजे अवतरण पुन्हा सांगणे नव्हे. ‘म्हणजेच भाऊंनी कुलूप दोनदा तपासले’ हे वाक्य अवतरणानंतर आले तर परिच्छेद जिथे होता तिथेच उभा राहतो. संस्कृतातल्या टीकाकारांची शिस्त इथे आजही उपयोगाची आहे. कालिदासाच्या काव्यांवर लिहिणारा मल्लिनाथ श्लोकातले पद हाती घेतो, त्याचा अन्वय लावतो, अर्थ सांगतो आणि मगच पुढच्या पदाकडे वळतो. मुळात आधार नाही असे काही लिहिणार नाही आणि अपेक्षित नाही असे काही सांगणार नाही, अशा आशयाची प्रतिज्ञाच त्याने टीकेच्या आरंभी केली आहे. आधुनिक समीक्षेचे प्रश्न वेगळे आहेत, पण शब्द हाती धरून बोलण्याची ही सवय तीच आहे.

शब्द हाती धरून नेमके काय करायचे? सर्वांत खात्रीची युक्ती म्हणजे तो बदलून किंवा काढून पाहणे. ‘गाडीला अजून दोन तास होते’ याऐवजी ‘पण गाडीला तर अजून दोन तास होते!’ असे वाक्य असते तर? तेव्हा निवेदकाने भाऊंना पकडले असते. वाचकाला विसंगती शोधायची गरज उरली नसती. मूळ वाक्यात ‘पण’ नाही, ‘तर’ नाही, उद्गारचिन्ह नाही. निवेदक फक्त वेळ सांगतो. हा फरक जाणवला की उलगडण्याचे वाक्य सुचते: निवेदकाला भाऊंची लपवाछपवी कळली आहे, पण ती उघडी करायची त्याची इच्छा नाही. ‘मी पिशवी उचलली’ हे पुढचे वाक्य त्याला दुजोरा देते. दोन तास आहेत हे ठाऊक असूनही निवेदक भाऊंना काही विचारत नाही, निघायची तयारी करतो. पहिल्या वाचनात हे वाक्य केवळ शेवटची एक हालचाल वाटते; बदलून पाहिल्यावर त्यात भाऊंना दिलेली साथ दिसते.

उलगडताना दुसरी अडचण वेगळ्या जातीची आहे. इंग्लंडमधले समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या आणि त्यांनी लिहिलेले अभिप्राय तपासून 1929 मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी जे दोष नोंदवले त्यांतला एक म्हणजे तयार प्रतिसाद: कवितेत एखादा परिचित विषय दिसला की वाचकाच्या मनात आधीपासून असलेल्या भावना जाग्या होतात आणि समोरचे शब्द वाचायचे राहतात. मराठीत आई, माती, गाव आणि घर हे असे विषय आहेत. ‘भाऊंचे घरावर किती प्रेम होते’ हे वाक्य उताऱ्यातून आलेले नाही. ते ‘घर’ या विषयासोबत आपोआप आले आहे. अशी वाक्ये ओळखण्याची खूण म्हणजे ती दुसऱ्या कोणत्याही घरत्यागाच्या कथेखाली तशीच्या तशी चिकटवता येतात.

याच्या उलट टोकाला अति-अर्थ असतो. भिंतीवर कॅलेंडर नाही, खिळा आहे. म्हणजे या घरातला काळ थांबला आहे, असे लिहिण्याचा मोह होतो. कल्पना आकर्षक आहे, पण एका उल्लेखावर ती पेलत नाही. कथेत तारखा, घड्याळे, सणवार यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येत असेल आणि या जागी तो संपत असेल, तर हा खिळा त्या मालिकेतला शेवटचा दुवा म्हणून मांडता येईल. नाहीतर एवढेच म्हणावे की घरात राखण्यासारखे काही उरले नाही हे तो दाखवतो, आणि कॅलेंडर काढून नेल्यावरही खिळ्याची ओळख ‘कॅलेंडरचा’ अशीच उरली आहे. एका जागेचा पुरावा त्या जागेपुरता असतो. या उताऱ्यावरून भाऊंच्या या क्षणाविषयी बोलता येते. संपूर्ण कथेविषयी किंवा लेखकाच्या एकूण दृष्टीविषयी बोलायचे तर अशा आणखी जागा गोळा कराव्या लागतात.

हे सगळे लक्षात घेऊन परिच्छेद पुन्हा लिहिला तर तो असा होईल:

घर कायमचे सोडण्याच्या क्षणी भाऊ आपले दुःख बोलून दाखवत नाहीत. ते काळजी आणि घाई यांच्या आड ठेवतात. कुलूप एकदा तपासून पायऱ्या उतरलेले भाऊ ‘परत चढून पुन्हा’ ते ओढून पाहतात. ही सावधगिरी चोरीच्या भीतीची म्हणावी, तर पुढचेच वाक्य तो अर्थ टिकू देत नाही: घरात ‘एक मोडकी घडवंची आणि भिंतीवर कॅलेंडरचा खिळा’ एवढेच उरले आहे. राखण्यासारखे काही नसताना केलेली ही दुसरी तपासणी दारापाशी आणखी क्षणभर थांबण्याचे निमित्त ठरते. त्यानंतर मात्र भाऊ घाई करू लागतात. स्टँड दहा मिनिटांवर आहे, तरी ते “चला, उशीर होतोय,” असे म्हणतात, आणि निवेदक लगेच नोंदवतो, ‘गाडीला अजून दोन तास होते.’ या दोन वाक्यांमध्ये ‘पण’ नाही. निवेदक भाऊंना खोटे पाडत नाही. वेळ सांगून थांबतो आणि ‘मी पिशवी उचलली’ एवढेच पुढे म्हणतो. भाऊंना दाराजवळून निघवत नाही आणि तिथे थांबवतही नाही; निवेदक हे ओळखून त्यांची सबब मान्य करतो.

पहिल्या परिच्छेदाशी तुलना केली तर उद्धृत शब्दांची संख्या फारशी वाढलेली नाही, पण ते एकगठ्ठा न येता पाच ठिकाणी विखुरले आहेत आणि प्रत्येक ठिकाणी लगेच कामाला लागले आहेत. स्टँडची माहिती ज्या वाक्यात तिची गरज आहे नेमकी तिथे आली आहे. चोरीच्या भीतीचा दुसरा अर्थ लपवला नाही. तो मांडून संहितेच्याच आधाराने बाजूला केला आहे. दुःख, प्रेम, हृदयस्पर्शी या शब्दांपैकी ‘दुःख’ एकदाच आले आहे, आणि तेही विधानात. हा परिच्छेद अंतिम नाही. घडवंचीविषयी त्यात काहीच म्हटलेले नाही, आणि एखादा वाचक असेही दाखवून देऊ शकेल की भाऊंची घाई इतरांना रडू फुटण्याआधी बाहेर काढण्यासाठी आहे. तसे दाखवायचे तर त्यालाही याच सात वाक्यांकडे यावे लागेल.

स्वतःचा परिच्छेद तपासायला एक सोपी रीत आहे. लिहून झाल्यावर अवतरणांवर हात ठेवून उरलेला मजकूर वाचावा. तो तरीही तितकाच पटत असेल, तर अवतरणे काही काम करत नव्हती. ती काढून टाकावीत किंवा विधान बदलावे. आणि अवतरण झाकल्यावर वाक्यच मोडत असेल, पुढचे स्पष्टीकरण अर्धवट वाटत असेल, तर ते शब्द योग्य जागी बसले आहेत.